ईसी वेगळी, कन्सेंट वेगळं: साखर कारखान्याचे दोन कागद कुठे शोधायचे, कसे वाचायचे

सांगली-साताऱ्याकडे ओढ्याला मळीमिश्रित पाणी आलं की कारखान्याकडून एकच उत्तर येतं: "आमच्याकडे पर्यावरणाची परवानगी आहे." पण पर्यावरणाच्या परवानग्या दोन असतात. एक पर्यावरण मंजुरी, म्हणजे बोलीभाषेतली ईसी. दुसरं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, ज्याला सगळे कन्सेंट म्हणतात. दोन्हींचा कायदा वेगळा, देणारं कार्यालय वेगळं आणि शोधायची जागाही वेगळी.

घोटाळा होण्याचं मोठं कारण जनसुनावणी. ईसीसाठी जनसुनावणी लागली तर ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. प्रकल्पाचा मराठी सारांशही मंडळाच्याच संकेतस्थळावर असतो. त्यामुळे मंजुरी मंडळानेच दिली असा समज होतो. प्रत्यक्षात मंडळ फक्त सुनावणी घेऊन इतिवृत्त पुढे पाठवतं. ईसी येते ती मुंबईच्या राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाकडून किंवा दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयाकडून. तिला आधार १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेचा. कन्सेंट मात्र मंडळाचंच असतं, १९७४ च्या जल कायद्याखाली आणि १९८१ च्या वायू कायद्याखाली.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. कन्सेंट प्रत्येक साखर कारखान्याला लागतंच, ईसी प्रत्येकाला लागत नाही. अधिसूचनेच्या यादीत साखर कारखाना येतो तो रोजची गाळप क्षमता ५,००० टन किंवा जास्त असेल तर. मळीपासून अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी मात्र कितीही लहान असली तरी यादीत आहे. म्हणून "ईसी सापडली नाही" एवढ्यावरून तक्रार लिहायला बसू नये, आणि "ईसी सापडली" म्हणून गप्पही बसू नये. ती कशाची आहे ते आधी वाचावं.

एक उदाहरण घेऊ. कारखाना काल्पनिक आहे, पण अशी रचना या पट्ट्यात नवी नाही. वाळवा तालुक्यातला कारखाना, मूळ क्षमता २,५०० टन, पुढे वाढवून ४,९०० टन. शेजारी रोज ६० हजार लिटरची डिस्टिलरी. आता गाळप ७,५०० टनांवर नेल्याची चर्चा आहे.

ईसीचा शोध parivesh.nic.in वर सुरू करायचा. तिथे Track Your Proposal मध्ये प्रस्ताव क्रमांक टाकता येतो. प्रस्ताव राज्याकडे गेला असेल तर क्रमांकाची सुरुवात SIA/MH/ अशी असते, केंद्राकडे गेला असेल तर IA/MH/ अशी. क्रमांक माहीत नसेल तर नावाने शोधावं लागतं आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. कारखान्याचं लांबलचक सहकारी नाव इंग्रजीत कधी Sahakari, कधी SSK असं पडतं. तालुका Walwa किंवा Walva, कराड Karad किंवा Karhad. कारखाना भाडेपट्ट्याने दुसऱ्या कंपनीकडे गेला असेल तर प्रस्ताव त्या कंपनीच्या नावावर असू शकतो. म्हणून पूर्ण नाव टाकू नये. नावातला एकच खास शब्द टाकून पाहावा, मग गावाचं नाव, मग Distillery. राज्याच्या यादीत नाही मिळालं तर केंद्राची यादी पाहावी. जागा सागरेश्वर किंवा कोयना अभयारण्याच्या पाच किलोमीटरच्या आत असेल तर राज्याच्या वाट्याचा प्रस्तावही दिल्लीला जाऊ शकतो. जुन्या मंजुऱ्या संकेतस्थळावर नसतातच असं नाही, पण खात्रीही नाही. त्यांच्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा.

समजा, या शोधात डिस्टिलरीची एक ईसी सापडली. ती ६० हजार लिटरची आहे. गाळपाबद्दल तिच्यात एक अक्षर नाही. ४,९०० टनांपर्यंत यात काही गैर नाही, कारण कारखाना मर्यादेच्या खाली आहे. पण ७,५०० टनांसाठी, जुना कारखाना असला तरी, वाढीआधी स्वतंत्र ईसी लागते. डिस्टिलरीच्या ईसीने ती गरज भागत नाही.

आता कन्सेंट. ते परिवेशवर शोधू नका. mpcb.gov.in वर संमती समित्यांची इतिवृत्तं असतात. मोठ्या गुंतवणुकीची प्रकरणं त्यांच्यापुढे जातात, लहान प्रकरणं प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयातच निकाली निघतात. सांगलीचं उपप्रादेशिक कार्यालय कोल्हापूरच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतं आणि साताऱ्याचं पुण्याखाली, हे लक्षात असलं म्हणजे अर्ज भलत्या टेबलावर जात नाही.

कन्सेंट हातात आलं की वरच्या ओळीत असं काहीतरी दिसतं:

```
Format1.0/CAC/UAN No.0000xxxxxx/CR/xxxxxxxxxx
```

Format1.0 नंतरची अक्षरं, इथे CAC, हे प्रकरण कोणत्या पातळीवर मंजूर झालं ते सांगतात. UAN हा अर्जाचा क्रमांक. तो टिपून ठेवा, पुढच्या प्रत्येक पत्रव्यवहारात तोच लागतो. पहिल्याच पानावर बघायचं ते म्हणजे हे कन्सेंट उभारणीचं आहे की चालवण्याचं. उभारणीच्या कन्सेंटवर कारखाना चालवता येत नाही. त्यातच बहुधा अशी अट असते की ईसी मिळेपर्यंत प्रकल्पाचं प्रत्यक्ष काम सुरू करायचं नाही. हेच कन्सेंट "परवानगी" म्हणून दाखवलं जातं आणि अट कुणी वाचत नाही.

मग उत्पादनाचा तक्ता. आपल्या उदाहरणात चालवण्याच्या कन्सेंटमध्ये गाळप ४,९०० टन असेल आणि हंगामात रोज ७,००० टन ऊस जात असेल तर उल्लंघन सरळ आहे. कन्सेंटमध्येच ७,५०० टन लिहिलं असेल तर मंडळाने कोणत्या ईसीच्या आधारे ते दिलं, हा प्रश्न विचारायचा. ईसीचा क्रमांक आणि तारीख कन्सेंटच्या मजकुरात असायला हवी. पुढे सांडपाण्याचा आकडा. २०१६ च्या मानकांनुसार टनामागे २०० लिटरच सांडपाणी बाहेर काढता येतं, म्हणजे ४,९०० टनांना रोज ९८० घनमीटर. तक्त्यातला आकडा याहून मोठा दिसला तर खुलासा मागावा.

तारखेच्या बाबतीतही दोन्ही कागद वेगळे वागतात. कन्सेंटची मुदत संपली की पुढे चालवायला नूतनीकरण लागतं. ईसीची मुदत मात्र प्रकल्प उभा करून उत्पादन सुरू करण्यासाठी असते. वेळेत सुरू झालेल्या डिस्टिलरीची ईसी जुन्या तारखेची दिसली म्हणून ती संपली असं नाही. तिथे पाहायचा तो सहामाही अनुपालन अहवाल. तो दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो.

कागद संकेतस्थळावर न मिळाल्यास दोन अर्ज करा, एकात दोन्ही घालू नका. महाराष्ट्रात माहितीच्या अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. दोन विषय घातले की अर्ज परत येण्याला आयतं कारण मिळतं. मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे मागा: अमुक तारखेला लागू असलेल्या चालवण्याच्या संमतीपत्राची सर्व परिशिष्टांसह प्रत. "सर्व परवानग्या द्या" असं लिहिलं तर मोघम उत्तर येतं. मंत्रालयातल्या पर्यावरण विभागाकडे दुसऱ्या अर्जाने ईसी आणि शेवटचे दोन अनुपालन अहवाल मागा. प्रत्येक अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट.

कन्सेंटसाठी आणखी एक वाट आहे, जी फारशी कुणी वापरत नाही. जल कायद्याच्या कलम २५ नुसार मंडळाला संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावी लागते. त्या सांडपाण्याची झळ बसणाऱ्या माणसाला ती कार्यालयीन वेळेत पाहण्याचा हक्क आहे. ओढ्याकाठच्या शेतकऱ्याने सातबारा सोबत घेऊन, कलमाचा उल्लेख करून लेखी मागणी द्यावी आणि त्या कागदावर आवक क्रमांक टाकून घ्यावा.