हिवताप जलद निदान चाचणी

बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्तातील हिवतापाच्या परजीवीची प्रथिने प्रतिपिंडांच्या साहाय्याने ओळखणारी, सूक्ष्मदर्शकाशिवाय करता येणारी चाचणी. सुमारे ५ मायक्रोलिटर रक्त पट्टीवर घेऊन त्यावर संचासोबत दिलेल्या द्रावणाचे थेंब टाकतात. रक्तात परजीवीचे असे प्रथिन, म्हणजे प्रतिजन, असल्यास ते सोन्याच्या सूक्ष्म कणांशी जोडलेल्या प्रतिपिंडाला चिकटते आणि पट्टीवरून पुढे वाहत जाऊन तेथे पक्क्या बसवलेल्या दुसऱ्या प्रतिपिंडापाशी अडकते, त्यामुळे रंगीत रेषा उमटते. निष्कर्ष बहुधा १५ ते २० मिनिटांनी वाचतात. नियंत्रण रेषा केवळ द्रावण नीट वाहिल्याचे व प्रतिपिंड कार्यक्षम असल्याचे दाखवते. रक्त टाकायचे राहून गेले तरीही ती उमटू शकते, ही बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते.

शोधली जाणारी प्रतिजने मुख्यतः दोन आहेत. हिस्टिडीनयुक्त प्रथिन-२ (एचआरपी-२) हे केवळ प्लास्मोडियम फाल्सिपेरम ही जाती तयार करते. त्याच्या रेणूत हिस्टिडीन व ॲलॅनीन यांच्या छोट्या साखळ्या पुनःपुन्हा येतात, त्यामुळे एकाच रेणूवर अनेक प्रतिपिंडे बसतात व चाचणी संवेदनक्षम होते. लॅक्टेट डीहायड्रोजनेज (एलडीएच) हे परजीवीच्या ऊर्जाचयापचयातील विकर असून ते सर्व मानवी हिवताप-जातींत आढळते. त्याच्यासाठी सर्व जातींना समान असलेली किंवा एखाद्याच जातीला ओळखणारी प्रतिपिंडे वापरतात. हे विकर जिवंत परजीवीच निर्माण करत असल्याने उपचारानंतर ते काही दिवसांत नाहीसे होते, तर एचआरपी-२ रक्तात कित्येक आठवडे टिकू शकते. म्हणून ताप नुकताच बरा झालेल्या रुग्णात एचआरपी-२ ची रेषा उमटली तरी ती नव्या संसर्गाचा पुरावा ठरत नाही.

खोट्या नकारात्मक निष्कर्षाचे सर्वाधिक चर्चिले गेलेले कारण म्हणजे एचआरपी-२ तयार करणाऱ्या pfhrp2 या जनुकाचा लोप. हे जनुक आठव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ असते आणि तेराव्या गुणसूत्रावरील pfhrp3 शी त्याचे इतके साम्य आहे की, pfhrp3 चे प्रथिनही काही प्रमाणात चाचणीच्या प्रतिपिंडांना प्रतिसाद देते. त्यामुळे पहिले जनुक नसूनही परजीवींची संख्या मोठी असल्यास रेषा उमटू शकते. दोन्ही नसतील तर मात्र एचआरपी-२ ची चाचणी आंधळी होते. प्रयोगशाळेतील डीडी२ वाणात पहिले जनुक आणि एचबी३ वाणात दुसरे नसल्याचे आधीपासून ठाऊक होते, परंतु असा लोप निसर्गातील रुग्णांमध्येही आढळतो हे पेरूच्या ॲमेझॉन भागातील नमुन्यांवरून २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे एरिट्रियात त्याचे मोठे प्रमाण दिसून आले आणि तेथे २०१६ च्या सुमारास चाचणीची निवड बदलावी लागली.

या लोपाच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार, चाचणी सकारात्मक आल्यावरच औषध देण्याच्या धोरणामुळे जनुकहीन परजीवी उपचारातून सुटतात व निवडले जातात. दुसऱ्या मतानुसार, लोप आधीपासूनच होता आणि त्याचा प्रसार लहान, परस्परांपासून तुटलेल्या परजीवी-समूहांतून झाला. पेरूमध्ये निदान प्रामुख्याने सूक्ष्मदर्शकाने होत असल्याने तेथे दुसरे मत अधिक पटते, तर आफ्रिकेच्या शिंगातील अलीकडील जनुकीय अभ्यास पहिल्याला बळ देतात. दोन्ही प्रक्रिया वेगवेगळ्या ठिकाणी घडल्या असाव्यात, हेच अधिक संभवनीय दिसते. लक्षणे असलेल्या फाल्सिपेरम रुग्णांपैकी ५ टक्क्यांहून अधिक रुग्ण या लोपामुळे सुटत असतील, तर एचआरपी-२ वर न विसंबणारी चाचणी वापरावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

प्रत्यक्षात हा दोष असा उघड होतो : दोन रेषांच्या पट्टीवर एचआरपी-२ ची रेषा नाही, सर्व-जाती एलडीएचची रेषा मात्र स्पष्ट आहे. वाचणारा साहजिकच व्हायव्हॅक्ससारख्या अन्य जातीचे निदान करतो. रक्तलेपात केळ्याच्या आकाराच्या युग्मकजनक पेशी दिसल्या, तर संसर्गात फाल्सिपेरम आहे हे ठरते. तरीही लोप सिद्ध होत नाही, कारण प्रतिजन अतिशय जास्त असल्यासही एचआरपी-२ ची रेषा फिकट होते किंवा लुप्त होते : दोन्ही प्रतिपिंडे वेगवेगळ्या रेणूंनी व्यापली जातात आणि त्यांना जोडणारा दुवा उरत नाही. एलडीएचच्या रेषेत हा परिणाम सहसा दिसत नाही. रक्त लवणद्रावणात दहापट विरल करून चाचणी पुन्हा केल्यावर रेषा गडद झाली, तर कारण प्रतिजनाधिक्य हे होय. ती तरीही न उमटल्यास नमुना जनुकतपासणीसाठी पाठवणे योग्य ठरते.

परजीवी फारच कमी, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये साधारण १०० हून कमी असले, तर कोणतीही पट्टी चुकू शकते. उष्णता व आर्द्रतेने प्रतिपिंडे बिघडतात. म्हणून पाकीट वापराच्या क्षणीच फोडतात.

खोट्या सकारात्मक निष्कर्षांमागे संधिवाताशी निगडित प्रतिपिंडे असू शकतात. ती परजीवीच्या प्रतिजनाविनाच पट्टीवरील दोन प्रतिपिंडांना परस्परांशी जोडतात. दिलेल्या द्रावणाऐवजी साधे पाणी वापरल्यास किंवा ठरलेल्या वेळेनंतर पट्टी वाचल्यासही चुकीची रेषा दिसते. ओव्हेल व मलेरिई या जातींच्या बाबतीत सर्व-जाती एलडीएचची संवेदनक्षमता कमी असल्याने, त्यांच्या निदानासाठी रक्तलेपाचीच जोड घ्यावी लागते.