धान्य होतं, मजुरी नव्हती: १८७६चा दख्खनचा दुष्काळ

नमस्कार. आज सोलापूर, अहमदनगर आणि विजापूरच्या पट्ट्यात जाऊ या. साल १८७६. या भागाचं मुख्य पीक रब्बी ज्वारी. ती सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि पुढे काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर ती वाढते. त्या वर्षी नेमका याच दोन महिन्यांत पाऊस जवळजवळ आलाच नाही. ओलच नाही, मग पेरणी कसली?

पण पाऊस हुकला आणि लोक मेले, एवढी सरळ ही गोष्ट नाही. मधला दुवा नीट ऐका.

शेतमजुराच्या घरात धान्याची कणगी नसते. त्याचं पोट खुरपणी, काढणी, मळणीच्या मजुरीवर चालतं. पेरणी नाही म्हणजे ही सगळी कामं एकदम बंद. शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही, म्हणून लुगडं-धोतर कोणी घेईना. विणकराचा मागही थांबला. आणि याच वेळी ज्वारीचा भाव चढत गेला. कमाई शून्यावर, भाव वर.

रेल्वे सोलापूरपर्यंत आलेली होती. गाड्यांनी धान्यही येत होतं. दुकानात पोती होती, ती घ्यायला लोकांकडे पैसा नव्हता. याच काळात भारतातून इंग्लंडला गहू विक्रमी प्रमाणात जात होता. व्यापारात हात घालायचा नाही, हे सरकारचं धोरण होतं.

उरली सरकारी दुष्काळी कामं. खडी फोडायची, माती वाहायची. इथे एकच आकडा लक्षात ठेवा: एक पौंड. म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. दुष्काळी मदतीवर देखरेखीसाठी सरकारने पाठवलेले इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी ठरवलेली पुरुषाची रोजची मजुरी म्हणजे एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. बाईला आणि मुलाला त्याहून कमी.

एक पौंड ज्वारीतून सुमारे १,६०० कॅलरी मिळतात. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला जवळपास दुप्पट लागतात. वरच्या आण्यात मीठ, मिरची, डाळ, सरपण, शिवाय घरी पडून असलेल्या म्हाताऱ्यांचं पोट. त्यात मोठी कामं गावापासून लांब. चालत जायची ताकद आहे त्यालाच काम. सगळ्यात अशक्त माणूस दारातच गळला. १८७७च्या जानेवारीत मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून कामं सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभा या संस्थेने त्यांची बाजू मांडली.

हेच टेंपल १८७४मध्ये बिहारमध्ये होते. तिथे ब्रह्मदेशातून तांदूळ आणून त्यांनी मृत्यू जवळजवळ टाळले होते, आणि खर्च फार केला म्हणून वरून टीका ओढवून घेतली होती. म्हणजे काय करावं लागतं, हे सरकारला ठाऊक होतं.

१८७७च्या अखेरीस पाऊस आला. पण कडब्याअभावी बैल मेलेले, नांगर ओढणार कोण? आणि साचलेल्या पाण्यावर डास वाढले. हाडं उरलेल्या शरीरांना हिवताप झेपला नाही. म्हणून त्या वर्षीच्या मृत्यूच्या नोंदींत कारण म्हणून पटकी आणि ताप जागोजाग दिसतात. उपासमार त्यांच्या आड राहते.