नोटीस लिहून घ्यायला येताय? आधी हे वाचा

नौपाड्यातल्या आमच्या टायपिंगच्या दुकानात बहुतेक सोसायट्यांच्या नोटिसा येतात, आणि तक्रार एकच, नोटीस लावली तरी लोक खाली येऊन विचारतातच की नक्की करायचं काय. आम्ही ती कशी सोपी करतो ते एका नमुन्यावर सांगतो.

"सभासदांना सूचित करण्यात येते की देखभाल शुल्काच्या देयकाचा भरणा विहित मुदतीत करण्यात न आल्यास थकीत रकमेवर द.सा.द.शे. 21 दराने सरळ व्याजाची आकारणी करण्यात येईल व तदनंतरही भरणा न झाल्यास वसुलीची कार्यवाही करण्यात येईल."

यात भरणा, आकारणी, कार्यवाही हे शब्द पेन्सिलने अधोरेखित करा. प्रत्येकात एक साधं क्रियापद लपलंय आणि त्याचं काम 'करणे' करतंय, म्हणून वाक्य जड होतं. 'भरणा करण्यात न आल्यास' म्हणजे 'भरलं नाही तर', बस. मग प्रत्येक 'करण्यात येईल'ला विचारा, कोण करणार? इथेच आम्ही अडतो, कारण उत्तर कागदावर नसतंच, 'कार्यवाही' कोण आणि कुठे करणार हे सेक्रेटरींना फोन करूनच कळतं. 'विहित मुदत' म्हणजे कुठली तारीख तेही तसंच. आम्ही मनाने काही भरत नाही.

विचारून झाल्यावर असं झालं:

"मेंटेनन्सचं बिल दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरा. उशीर झाला तर सोसायटी थकलेल्या रकमेवर वर्षाला 21 टक्के सरळ व्याज लावेल. म्हणजे 5,000 रुपये एक महिना थकले तर 87 रुपये 50 पैसे. तरीही पैसे आले नाहीत तर कमिटी वसुलीसाठी उपनिबंधकांकडे अर्ज करेल."

एका वाक्याची चार झाली, पण कुठेही तोडायचं नाही हां. 'उशीर झाला तर' आणि त्याचा परिणाम एकाच वाक्यात ठेवलाय, नाहीतर घाईत वाचणाऱ्याला वाटेल व्याज सगळ्यांनाच लागणार. आणि 'सरळ' शब्द जड वाटला तरी काढला नाही, काढला की व्याजावर व्याज लावायचं का यावरून भांडण होतं. सभेचा ठराव किंवा करारातलं कलम दिलंत तर त्याचे शब्द आम्ही बदलत नाही, मूळ मजकूर तसाच ठेवून खाली साध्या मराठीत अर्थ लिहून देतो.

झालेली नोटीस आम्ही दुकानात आलेल्या कोणालाही वाचायला देतो, मग कागद उलटा ठेवून विचारतो, कधीपर्यंत, किती, आणि नाही भरलं तर काय? एकाही उत्तराला तो अडला की ते वाक्य परत लिहायला घेतो.

येताना जुनी नोटीस आणि व्याजदर ठरवलेल्या ठरावाची झेरॉक्स आणा, आणि ज्यांना माहिती विचारता येईल अशा कमिटीतल्या कोणाचा तरी नंबर द्या.