आदेश पाळला जात नसेल तर: अवमान याचिकेत काय सिद्ध करावं लागतं

न्यायालयातून आपल्या बाजूने आदेश मिळाला, मुदत उलटून गेली, तरी समोरचा पक्ष हलायला तयार नाही, असे अनेक पक्षकार आमच्याकडे येतात. त्यांची मागणी साहजिक असते: "साहेब, कंटेम्प्ट टाका." अवमान याचिका हा त्यावरचा उपाय आहे, पण नुसतं 'आदेश पाळला नाही' एवढं दाखवून भागत नाही. न्यायालयांचा अवमान अधिनियम, 1971 च्या कलम 2(ब) मध्ये दिवाणी अवमानाची जी व्याख्या आहे, तिचा गाभा आहे जाणूनबुजून केलेली अवज्ञा. म्हणजे समोरच्याला आदेश माहीत होता आणि पाळणं शक्य असूनही त्याने तो पाळला नाही, या दोन्ही गोष्टी आपल्याला दाखवाव्या लागतात. यात शिक्षा होऊ शकते, त्यामुळे पुरावाही फौजदारी खटल्यासारखाच, संशयाला जागा न ठेवणारा लागतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेची वेतनश्रेणीतल्या फरकाची रक्कम अडकली आहे. उच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2024 रोजी आदेश दिला: "या आदेशाची प्रत मिळाल्यापासून 12 आठवड्यांच्या आत फरकाची रक्कम अदा करावी."

इथे मुदत आदेशाच्या तारखेपासून नव्हे, तर प्रत मिळाल्यापासून सुरू होते. हा बारकावा वाचायचा राहून जातो. बाई "सरकारी वकील हजर होते, त्यांना माहीतच आहे" म्हणून घरी थांबल्या असत्या, तर घड्याळ चालूच झालं नसतं. त्यांनी प्रमाणित प्रत काढली, सोबत आदेशाचा क्रमांक आणि मुदत लिहिलेलं पत्र जोडलं आणि 5 फेब्रुवारीला शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिलं. आपल्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतला. 12 आठवडे म्हणजे 84 दिवस, ते 29 एप्रिल 2024 ला संपले. पैसे आले नाहीत. अवज्ञा धरायची ती 30 एप्रिलपासून.

हा शिक्का म्हणजे माहिती असल्याचा सर्वांत साधा आणि भक्कम पुरावा. आवक विभाग शिक्का द्यायला टाळाटाळ करत असेल, तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि टपाल खात्याच्या संकेतस्थळावरचा 'वितरित झाले' हा तपशील त्याच आठवड्यात छापून ठेवा. समोरच्या पक्षाचे वकील आदेशाच्या वेळी हजर असल्याची नोंद आदेशातच असते, तीही उपयोगी पडते. ईमेल आणि व्हॉट्सअॅपही चालतात, पण ते पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून संदेश ज्या फोनवर आहेत तो फोन बदलू नका, चॅट पुसू नका. "मी त्यांना तोंडी सांगितलं होतं" या वाक्यावर मात्र आम्ही याचिका उभी करत नाही.

आता दुसरा भाग, जाणूनबुजून केल्याचा. कुणाच्या मनात काय होतं याचा कागद सहसा नसतो, त्यामुळे ते वागणुकीतून दाखवावं लागतं. बाईंनी मे महिन्यात स्मरणपत्र दिलं. उत्तर आलं नाही. मग त्यांनी माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून आपल्या प्रकरणाच्या नस्तीवरील टिपण्यांच्या प्रती मागितल्या. या अर्जाला 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. टिपणीत लिपिकाने लिहिलं होतं, "मा. उच्च न्यायालयाचा आदेश प्राप्त, मुदत 29 एप्रिल", आणि खाली अधिकाऱ्याचा शेरा होता, "तूर्त प्रलंबित ठेवावे". आमच्या मते अशी एक टिपणी दहा स्मरणपत्रांपेक्षा जड असते, कारण ती माहिती आणि निर्णय दोन्ही एकाच कागदावर दाखवते. यासोबत दोन प्रश्न विचारायचे: मुदत संपण्यापूर्वी समोरच्याने न्यायालयाकडे मुदतवाढ मागितली का? अपील करून स्थगिती मिळवली का? नुसतं अपील दाखल केल्याने आदेश थांबत नाही. मात्र स्थगितीचा अर्ज खरोखर प्रलंबित असेल, तर अनेकदा आधी त्याचा निकाल लागू दिला जातो.

उलट बाजूही प्रामाणिकपणे पाहावी लागते. निधीचा प्रस्ताव वेळेत वर गेला होता आणि मंजुरी दुसऱ्याच कार्यालयात अडकली, किंवा आदेशाचे दोन अर्थ सरळपणे निघतात, तर अवज्ञा झाली तरी ती हेतुपुरस्सर ठरत नाही. म्हणून प्रतिवादी कोण हेही नीट ठरवावं लागतं. अवमान कार्यालयाचा नसतो, माणसाचा असतो. आदेशाची प्रत एका अधिकाऱ्याने घेतली, पुढे त्याची बदली झाली आणि मुदत संपताना खुर्चीत दुसराच होता, तर त्या दुसऱ्याला आदेश कळवल्याचा वेगळा पुरावा हवा. बदली झाल्याचं कळताच नव्या अधिकाऱ्याला नावानिशी प्रत द्या.

सर्वांत जास्त निराशा होते ती "निवेदनावर 8 आठवड्यांत निर्णय घ्यावा" अशा आदेशात. इथे न्यायालयाने पैसे द्यायला सांगितलेलं नसतं, फक्त निर्णय घ्यायला सांगितलेलं असतं. अधिकाऱ्याने निवेदन फेटाळलं, अगदी चुकीच्या कारणाने फेटाळलं, तरी आदेश पाळला गेला असंच धरलं जातं. जे. एस. परिहार विरुद्ध गणपत दुग्गर या 1996 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं: असा नवा निर्णय चूक असेल तर त्याला वेगळं आव्हान द्यायचं, अवमानात त्याची बरोबर-चूक तपासली जात नाही. आदेशाचं शेवटचं पान आम्ही आधी वाचतो, ते यासाठी.

दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्यासाठी मार्ग सहसा दरखास्तीचा, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठीच्या अर्जाचा, आणि तात्पुरता मनाई हुकूम मोडला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 नियम 2अ खाली त्याच न्यायालयात अर्ज करता येतो. तिथे मालमत्ता जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद अशी तरतूद आहे.

मुदतीबाबत ढिलाई चालत नाही. अवमान अधिनियमाच्या कलम 20 नुसार अवमान घडल्यापासून एका वर्षाच्या आत पाऊल उचलावं लागतं. आपल्या उदाहरणात 30 एप्रिल 2024 पासून मोजा. मध्ये स्मरणपत्रं पाठवत राहिल्याने हे वर्ष वाढत नाही, आणि "पुढच्या महिन्यात नक्की" या आश्वासनावर थांबलेल्यांचं वर्ष असंच निघून जातं.

शिक्षा म्हणाल तर कलम 12 खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम तुम्हाला मिळत नाही. न्यायालयाला पटेल अशी माफी मागितली तर शिक्षा माफही होऊ शकते. प्रत्यक्षात नोटीस निघाल्यावर पुष्कळदा पुढच्या तारखेपूर्वी आदेशाची पूर्तता होते आणि याचिका निकाली निघते. अधिकाऱ्याला तुरुंगात पाठवणं हाच उद्देश असेल, तर तसं सहसा होत नाही, हे आम्ही पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगतो.

भेटीला येताना आदेशाची प्रमाणित प्रत, ती दिल्याची पोच, स्मरणपत्रं आणि आलेली उत्तरं तारखेच्या क्रमाने लावून आणा. यापूर्वी पैशाचा काही भाग मिळाला असेल तर बँकेचं पासबुकही आणा. अंशतः झालेली पूर्तता याचिकेत लपवली, तर न्यायालयाचा विश्वास आपल्यावरूनच उडतो.