पिवळ्या दिव्यातली दुधी नळी: सिरॅमिकमधून प्रकाश कसा जायला लागला

मरीन ड्राइव्हवर 2015 मध्ये पांढरे एलईडी लावले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतं का, लोकांना जुना पिवळा रंगच हवा होता. तो पिवळा रंग सोडियम व्हेपर दिव्यांचा. असा जुना दिवा कधी फुटलेला दिसला तर आत बघा, बाहेरच्या काचेच्या आत बोटापेक्षा बारीक अशी एक दुधी नळी असते, ती काच नाही, सिरॅमिक आहे. आणि 1950 च्या दशकापर्यंत सिरॅमिकमधून असा प्रकाश जाईल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं.

का वाटत नव्हतं? कपबशी बघा ना, आरपार काही दिसत नाही. पण मजा अशी की या नळीचा माल, म्हणजे अ‍ॅल्युमिना, अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड, दिसणारा प्रकाश मुळात खातच नाही. प्रकाश शोषायचा तर इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर उडी मारावी लागते, आणि अ‍ॅल्युमिनात ती उडी एवढी मोठी आहे की लाल ते जांभळा, कुठल्याच रंगाच्या प्रकाशाची ताकद तिथे पुरत नाही. म्हणून तर त्याचाच एकसंध स्फटिक, म्हणजे नीलम, शुद्ध असला की पाण्यासारखा स्वच्छ दिसतो. शोषण होतं ते भेसळीमुळे. खिडकीच्या काचेची कड हिरवट दिसते ना, ते त्यातल्या थोड्याशा लोखंडाचं काम.

मग पांढरं का दिसतं? खडीसाखर आणि पिठीसाखर शेजारी ठेवा. साखर तीच, पण पिठीसाखरेत कणाकणामध्ये हवा, आणि साखरेतून हवेत जाताना प्रत्येक ठिकाणी प्रकाश वळतो, थोडा परत फिरतो, असं हजारो वेळा झालं की सगळे रंग विखरून पांढरं. काच वितळवून ओततात, पातळ असतानाच बुडबुडे वर निघून जातात आणि आत दाणेही नसतात, म्हणून ती सुटते. सिरॅमिक वितळवतच नाहीत, भुकटी दाबून भट्टीत भाजतात, कण एकमेकांना चिकटत जातात आणि मधल्या फटींची बारीक छिद्रं होऊन बसतात.

किती छिद्रं चालतात? हिशोब करून बघू. छिद्र 1 मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं, आणि एकूण जागेच्या फक्त 0.3 टक्के धरा, ऐकायला काहीच नाही, पण एका घन मिलिमीटरमध्ये अशी साधारण 57 लाख छिद्रं बसतात आणि 1 मिलिमीटर जाडीत प्रकाश सरासरी नऊ वेळा वळतो. सरळ आरपार जाणारा प्रकाश उरतो दहा हजारात एक भाग. छिद्रं 0.03 टक्क्यांवर आणली की तोच भाग 40 टक्क्यांवर जातो. म्हणजे भांडण त्या शेवटच्या चिमूटभर छिद्रांशी आहे.

अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडी इथल्या प्रयोगशाळेत रॉबर्ट कोबल नेमकं हेच बघत होता. छिद्र बुजायचं तर आजूबाजूचे अणू तिथपर्यंत यायला हवेत, आणि दोन दाण्यांमधली सीमा हा त्यांचा जवळचा रस्ता. अडचण अशी की भट्टीत दाणे वाढतात, म्हणजे सीमा सरकते, आणि ती घाईघाईत सरकली की छिद्र मागे राहतं, दाण्याच्या पोटात अडकतं, रस्त्यापासून लांब. मग कितीही तापवा, ते जात नाही. कोबलने चिमूटभर मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियमचं ऑक्साइड, घातलं, एक टक्क्याहूनही कमी, आणि सीमा आवरत्या झाल्या, छिद्रं सीमेवरच राहून बुजत गेली. भट्टीत हवेऐवजी हायड्रोजन ठेवला, कारण हवेतला नायट्रोजन बंद छिद्रात कोंडला की त्याचाच दाब बुजण्याला अडवतो, हायड्रोजन मात्र निसटून जातो. याचं नाव पडलं लुकालॉक्स, 1959 मध्ये जाहीर झालं, पेटंट 1962 मध्ये.

दिव्याला याचीच गरज होती. जास्त दाबाच्या, तापलेल्या सोडियमच्या वाफेपुढे क्वार्ट्ज टिकत नाही, अ‍ॅल्युमिना टिकतो. 1960 च्या दशकात हे दिवे बाजारात आले आणि पुढे जगभरच्या रस्त्यांवर पोचले.

आता ती नळी दुधी का, छिद्रं तर गेली? अ‍ॅल्युमिनाच्या स्फटिकात प्रकाश दिशेप्रमाणे किंचित वेगळ्या वेगाने जातो, आणि दाणे वाटेल तशा दिशांना वळलेले, म्हणून प्रत्येक सीमेवर तो थोडासा वाकतो. नळीचा तुकडा छापील अक्षरांवर टेकवून ठेवला तर अक्षरं वाचता येतात, बोटभर वर उचलला की सगळं धूसर. यॅग या यिट्रियम-अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडसारख्या, ठोकळ्यासारखी सगळीकडून सारखी रचना असलेल्या स्फटिकात दिशेचा हा फरकच नाही, म्हणून त्याचं सिरॅमिक काचेइतकं स्वच्छ करता येतं, अगदी लेझरसाठी वापरण्याइतकं. दिव्याला त्याची काय गरज, त्याला चित्र नाही, उजेड बाहेर सोडायचा होता, आणि तो 90 टक्क्यांहून जास्त बाहेर येत होता.