सात धावा, सहा विश्रांती: ट्रॅकवरच्या पिरॅमिडचा हिशेब

समजा आजचा सराव असा आहे: ४००, ८००, १२००, १६००, १२००, ८००, ४०० मीटर. आधी अंतर पायरीपायरीने वाढतं, मग त्याच पायऱ्यांनी उतरतं. यालाच पिरॅमिड म्हणतात. वेगाने एकूण किती अंतर धावायचं आहे, असं विचारलं की बरेच जण चढत्या बाजूची बेरीज करतात, ४००० मीटर, आणि तिची दुप्पट करून ८००० सांगतात. खरं उत्तर ६४०० आहे. शिखरावरची १६०० मीटरची धाव एकदाच येते. दुप्पट करताना ती दोनदा धरली गेली.

मीटर सोडून फेऱ्यांत मोजलं तर यातली गंमत दिसते. ४०० मीटरच्या ट्रॅकवर हा सराव म्हणजे १ + २ + ३ + ४ + ३ + २ + १ फेऱ्या, एकूण १६. म्हणजेच ४ गुणिले ४. हा योगायोग नाही. चौकटीच्या वहीत चार बाय चारचा चौरस आखा आणि त्यातली घरं तिरक्या ओळींनी मोजा: कोपऱ्यात एक, पुढच्या ओळीत दोन, मग तीन, मधल्या कर्णावर चार, आणि तिथून पुन्हा तीन, दोन, एक. तेव्हा शिखराला जितक्या फेऱ्या, त्यांचा वर्ग म्हणजे एकूण फेऱ्या. शिखर तीन फेऱ्यांचं असेल तर ९ फेऱ्या, ३६०० मीटर. पाच फेऱ्यांचं असेल तर २५ फेऱ्या, पूर्ण १० किलोमीटर. पायऱ्या सारख्या असतील आणि पहिली धाव एका पायरीइतकीच असेल, तरच हा नियम चालतो. २००, ४००, ८००, १२०० असं चढून उतरायचं असेल तर वर्ग विसरून सरळ बेरीज करावी. ती ४००० मीटर येते.

अंतर सोपं होतं. वेळेचा हिशेब थोडा नाजूक आहे, कारण पिरॅमिडमध्ये प्रत्येक धाव सहसा वेगळ्या वेगाने असते. लहान धाव जलद, लांब धाव थोडी संथ. ५ किलोमीटर २५ मिनिटांत धावणारी एक व्यक्ती घेऊ. ४०० मीटर तिने स्वतःच्या १५०० मीटर शर्यतीच्या वेगाने धावायचं, ८०० मीटर ३ किलोमीटरच्या वेगाने, १२०० मीटर ५ किलोमीटरच्या आणि १६०० मीटर १० किलोमीटरच्या वेगाने. पण या चारही शर्यती ती अलीकडे धावलेली असेलच असं नाही. अशा वेळी अमेरिकन इंजिनियर पीट रीगल यांनी १९७७ साली मांडलेलं सूत्र कामाला येतं:

```
T2 = T1 × (D2 / D1)^1.06
```

`T1` हा माहीत असलेला वेळ, `D1` त्याचं अंतर, `D2` नवं अंतर आणि `T2` त्याचा अंदाजे वेळ. सगळी गोम त्या १.०६ मध्ये आहे. घातांक १ असता तर दुप्पट अंतराला बरोबर दुप्पट वेळ लागला असता. १.०६ मुळे तो सुमारे २.०८५ पट होतो, म्हणजे अंतर वाढलं की माणूस किती मंदावतो ते त्यात धरलेलं आहे. २५ मिनिटांवरून १० किलोमीटरचा अंदाज ५२ मिनिटं ७ सेकंद येतो. चारही अंतरं अशी काढून पूर्ण सेकंदात आणली, तर एका फेरीचे वेळ १:५२, १:५६, २:०० आणि २:०५ मिळतात. आता सराव असा दिसतो:

| धाव (मीटर) | एका फेरीचा वेळ | धावेचा वेळ | नंतरची विश्रांती |
|---|---|---|---|
| ४०० | १:५२ | १:५२ | ०:५६ |
| ८०० | १:५६ | ३:५२ | १:५६ |
| १२०० | २:०० | ६:०० | ३:०० |
| १६०० | २:०५ | ८:२० | ४:१० |
| १२०० | २:०० | ६:०० | ३:०० |
| ८०० | १:५६ | ३:५२ | १:५६ |
| ४०० | १:५२ | १:५२ | नाही |

धावांच्या वेळेची बेरीज ३१ मिनिटं ४८ सेकंद. ती मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करताना एक चूक फार वेळा होते. ३ मिनिटं ५२ सेकंद म्हणून ३.५२ टाइप केलं जातं. या पद्धतीने वरच्या सात आकड्यांची बेरीज ३०.२८ येते आणि ती ३० मिनिटं २८ सेकंद म्हणून वाचली जाते. तब्बल ८० सेकंद कमी. कॅल्क्युलेटर हातचा शंभराला घेतो, मिनिटाचा हातचा मात्र साठालाच येतो. त्यामुळे सेकंदांच्या बाजूने मिनिटांकडे गेलेल्या प्रत्येक हातच्याला ४० सेकंद गळतात. इथे दोन हातचे गेले. उपाय साधा आहे: सगळं आधी सेकंदांत करा (११२, २३२, ३६०, ५००...), बेरीज १९०८ आली की ६० ने भागा.

दुसरी चूक सरासरीची. एका फेरीचे चार वेळ ११२, ११६, १२० आणि १२५ सेकंद. त्यांची सरासरी ११८.२५. तिला १६ ने गुणलं तर १८९२ सेकंद येतात, खऱ्यापेक्षा १६ कमी. कारण चारही वेगांना आपण समान वजन दिलं, तर प्रत्यक्षात १:५२ च्या वेगाने फक्त दोन फेऱ्या आहेत आणि २:०० च्या वेगाने सहा. प्रत्येक वेग त्याच्या अंतराने गुणायला हवा. स्प्रेडशीटच्या A स्तंभात अंतर आणि B स्तंभात एका फेरीचे सेकंद लिहिले, तर हे एका ओळीत होतं:

```
=SUMPRODUCT(A2:A8, B2:B8)/400
```

उत्तर १९०८. तिथे वेळ `1:52` असा टाइप करू नका. बहुतेक स्प्रेडशीट तो १ तास ५२ मिनिटं समजतात.

एकूण वेळेपेक्षाही तो कोणत्या वेगात किती गेला, हे पाहणं जास्त उपयोगाचं आहे. ५ किलोमीटरच्या वेगात १२ मिनिटं, १० किलोमीटरच्या वेगात ८:२०, ३ किलोमीटरच्या वेगात ७:४४ आणि १५०० मीटरच्या वेगात फक्त ३:४४. सात धावांपैकी दोन ४०० च्या आहेत, पण वेळेत त्यांचा वाटा जेमतेम १२ टक्के. शिवाय धाव सुरू झाल्यावर शरीराचा ऑक्सिजनचा वापर वरच्या पातळीला पोचायला साधारण दीड ते दोन मिनिटं लागतात. पहिली ४०० तोवर संपत आलेली असते. ती पायांना वेगाची सवय लावते. दमश्वासाचं खरं काम मधल्या तीन लांब धावा करतात.

आता विश्रांती. इथे नियम असा धरला आहे की नुकत्याच संपलेल्या धावेच्या निम्मा वेळ हळू जॉग करायचं किंवा चालायचं. धावा सात असल्या तरी त्यांच्या मधल्या जागा सहाच, सात खांबांच्या कुंपणात सहा अंतरं असतात तशा. शेवटच्या ४०० नंतर जे येतं ते कूलडाउन. त्याचे ५६ सेकंद विश्रांतीत धरायचे नाहीत. सहा विश्रांतींची बेरीज १४ मिनिटं ५८ सेकंद, आणि पहिल्या पावलापासून शेवटच्या रेषेपर्यंत ४६ मिनिटं ४६ सेकंद.

या बेरजेत एक गोष्ट लपलेली आहे. अंतरं दोन्ही बाजूंना सारखी आहेत, विश्रांती मात्र नाही. शिखरावर पोचेपर्यंत तुम्हाला ५:५२ मिळतात आणि शिखरानंतर ९:०६. चढताना ८०० च्या आधी फक्त ५६ सेकंद होते. उतरताना त्याच ८०० च्या आधी पूर्ण तीन मिनिटं आहेत. थकलेल्या पायांनीही दुसरी ८०० पहिल्याइतक्या वेळात येऊ शकते, ती यामुळेच. त्याऐवजी प्रत्येक वेळी २०० मीटर जॉग असा ठरावीक नियम ठेवला, तर तो उताराचा फायदा निघून जातो. किलोमीटरला ७:३० च्या जॉगने २०० मीटरला दीड मिनिट लागतं, सहा वेळा मिळून फक्त ९ मिनिटं. कागदावरचा सराव तोच, पण बराच कठीण. म्हणून दोन आठवड्यांच्या वेळांची तुलना करताना विश्रांतीचा नियम तोच होता का, हे आधी पाहायचं.

ट्रॅकवर वेळ नोंदवताना घड्याळाच्या जीपीएस अंतरावर विसंबू नका. वळणांवर ते चुकतं आणि ऑटो लॅप भलत्या जागी पडतो. ऑटो लॅप बंद करून प्रत्येक धावेच्या सुरुवातीला आणि शेवटी रेषेवर लॅपचं बटण दाबा. सात धावा आणि सहा विश्रांती मिळून बरोबर १३ लॅप दिसायला हवेत. १२ दिसले तर एकदा बटण दाबायचं राहिलं आणि कुठेतरी धाव व विश्रांती एकत्र झाली आहे.

लेनही पाहा. ४०० मीटर हे अंतर पहिल्या लेनचं, आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजलेलं. प्रमाणित ट्रॅकच्या चौथ्या लेनमध्ये एक फेरी सुमारे ४२२ मीटरची होते. सकाळच्या गर्दीत कुणी पूर्ण सराव चौथ्या लेनमध्ये केला, तर १६ फेऱ्यांत जवळपास ३५८ मीटर जास्त धावणं होतं आणि प्रत्येक फेरी सहा-सात सेकंदांनी मंद दिसते. माणूस मंदावलेला नसतो, फेरी लांब झालेली असते.

डायरीत आकडे वेगवेगळे लिहावेत. वॉर्मअप २ किलोमीटर, वेगातलं अंतर ६.४, विश्रांतीतला जॉग साधारण २, कूलडाउन १.६. एकूण १२ किलोमीटर, पण त्यातलं कठीण काम ६.४ चंच. अमेरिकन कोच जॅक डॅनियल्स यांचा ठोकताळा असा की ५ किलोमीटरच्या आसपासच्या वेगाच्या इंटरव्हलचं अंतर एका सरावात आठवड्याच्या एकूण अंतराच्या ८ टक्क्यांपर्यंत ठेवावं, आणि तेही १० किलोमीटरपुढे नेऊ नये. आपल्या सरावात १६०० ची धाव थोडी सौम्य आहे, तेव्हा नियम थोडा सैल धरता येईल. तरी ६४०० मीटर म्हणजे आठवड्याला ८० किलोमीटरचा ८ टक्के. २५ मिनिटांत ५ किलोमीटर धावणारे बहुतेक हौशी धावपटू त्याच्या जवळपासही नसतात.

आठवड्याला ४५ किलोमीटर धावणाऱ्याला ८ टक्क्यांनी ३६०० मीटर मिळतात, आणि तीन फेऱ्यांच्या शिखराचा पिरॅमिड नेमका तेवढाच आहे: ४००, ८००, १२००, ८००, ४००. वेगातला वेळ १७:२८, चार विश्रांती मिळून ७:४८, सगळं २५:१६ मध्ये. मूळ यादीतून फक्त १६०० आणि एक १२०० काढली, तेवढ्यात २८०० मीटर आणि १४ मिनिटं २० सेकंदांचं वेगातलं काम कमी झालं.