परिफुप्फुसी द्रवसंचय व खंडीय घनीभवन: क्ष-किरण चित्रातील भेद

छातीच्या क्ष-किरण चित्रात खालच्या भागात एकसारखी पांढरी छाया दिसली, तर बहुधा दोन शक्यता आधी तपासाव्या लागतात. एक, फुप्फुस आणि छातीची भिंत यांमधल्या परिफुप्फुस पोकळीत द्रव साचला आहे, म्हणजे बोलीभाषेत ‘छातीत पाणी झाले’ आहे. दुसरी, न्यूमोनियात होते तसे फुप्फुसाच्या एखाद्या खंडातील वायुकोशांत हवेऐवजी स्राव भरला आहे. दुसऱ्या अवस्थेला घनीभवन म्हणतात. रुग्णालयात ‘कन्सॉलिडेशन’ हाच शब्द चालतो. क्ष-किरणांच्या दृष्टीने पाणी, पू, रक्त आणि स्रावाने भरलेले फुप्फुस यांची घनता जवळजवळ सारखीच असते. त्यामुळे छायेच्या पांढरेपणावरून निदान होत नाही. छायेची कड कशी आहे आणि तिने कोणती रेषा पुसली आहे, हे पाहावे लागते.

सिल्हूट चिन्ह: हृदय, मध्यपटल आणि महारोहिणी यांच्या कडा चित्रात दिसतात, कारण त्यांच्या शेजारी हवेने भरलेले फुप्फुस असते. शेजारची हवा जाऊन तिथे पाण्याच्या घनतेचा पदार्थ आला की ती कड नाहीशी होते. छाया कडेच्या पुढे किंवा मागे असेल, तिला चिकटलेली नसेल, तर दोन्ही एकावर एक पडूनही कड शाबूत राहते. चिन्हाचे नाव थोडे फसवे आहे. ‘सिल्हूट’ म्हणजे बाह्यरेषा, आणि हे चिन्ह त्या रेषेच्या लोपाचे आहे. ते प्रचारात आणले ते अमेरिकेतील बेंजामिन व हेन्री फेल्सन यांनी 1950 मधील लेखाद्वारे. मूळ निरीक्षण मात्र त्याहून जुने आहे. केनन डनहॅम यांनी ते 1930 च्या दशकात मांडल्याचे सांगितले जाते, आणि फेल्सन यांनीही त्यांचे ऋण मान्य केले होते. तेव्हा शोधाचे श्रेय डनहॅम यांना आणि नियमाला रूप देण्याचे फेल्सन यांना देणे अधिक न्याय्य वाटते.

नियमाचा उपयोग स्थाननिश्चितीसाठी होतो. हृदयाची उजवी कड पुसली असेल तर उजव्या मधल्या खंडाचा, डावी कड पुसली असेल तर डाव्या वरच्या खंडातील लिंग्युला या भागाचा, आणि मध्यपटलाची रेषा पुसली असेल तर त्या बाजूच्या खालच्या खंडाचा संशय घेतात. येथे एक मर्यादा कायम लक्षात ठेवावी लागते. तळाशी साचलेला द्रवही मध्यपटलाला चिकटलेलाच असतो आणि ती रेषा तितक्याच सहज पुसतो. म्हणजे हे चिन्ह ‘कुठे’ ते सांगते, ‘काय’ ते एकट्याने सांगत नाही. शिवाय छातीचे हाड आत दबलेले असेल, तर फुप्फुस निरोगी असूनही हृदयाची उजवी कड अस्पष्ट होऊ शकते.

अर्धचंद्राकार कड: उभ्या रुग्णात मोकळ्या द्रवाची वरची कड अंतर्वक्र दिसते, म्हणजे मध्यभागी खाली आणि बरगड्यांकडे वर चढत गेलेली. तिला ‘मेनिस्कस’ म्हणतात. या वक्राचा इतिहास क्ष-किरणांपेक्षा जुना आहे. फ्रान्समधील दामुआझो यांनी 1840 च्या दशकात आणि बोस्टनमधील कॅल्व्हिन एलिस यांनी 1870 च्या दशकाच्या सुमारास, छातीवर बोटाने ठोकून मिळणाऱ्या बद्द आवाजाच्या सीमेवरून अशी वक्र रेषा वर्णन केली. ती आजही दोघांच्या नावाने ओळखली जाते. द्रव काखेच्या बाजूला खरोखरच वर चढतो का, हा प्रश्न त्या काळापासून चर्चेत आहे. काहींनी केशाकर्षण, तर काहींनी फुप्फुसाचे आकुंचन पावण्याचे बल हे कारण मानले.

क्ष-किरण चित्रापुरते पाहिल्यास प्रक्षेपणाचे स्पष्टीकरण सर्वांत समाधानकारक वाटते. द्रव फुप्फुसाच्या तळाभोवती सर्व बाजूंनी पातळ वेष्टणासारखा पसरतो आणि वर जाताना हा थर निमुळता होतो. किरण पाठीकडून छातीकडे जाताना मध्यभागी या थराच्या फक्त दोन पातळ पदरांतून जातात. बाजूला मात्र ते थराच्या लांबीने कित्येक सेंटिमीटर द्रव ओलांडतात. म्हणून बाजूची छाया दाट आणि उंच दिसते. याला चांगला पुरावा म्हणजे बाजूने घेतलेले चित्र: त्यात तोच द्रव पुढे व मागे चढलेला आणि मधे खाली दिसतो. ठोकून काढलेली रेषा मात्र प्रक्षेपणाने समजावता येत नाही. त्यामुळे दोन्ही रेषा एकच आहेत असे गृहीत धरू नये.

द्रव किती असला म्हणजे दिसतो, याचे ढोबळ आकडे असे: बाजूच्या चित्रात मागचा कोन सुमारे 50 मिलिलिटर द्रवाने बोथट होतो, समोरच्या चित्रात बरगडी व मध्यपटल यांमधला कोन सुमारे 200 मिलिलिटरने, आणि मध्यपटल झाकायला सुमारे 500 मिलिलिटर लागतात.

घनीभवनाची कड अशी वर चढत नाही. ती खंडांमधल्या भेगेपाशी सरळ थांबते किंवा धूसर होत जाते. छायेत फांद्यांसारख्या काळ्या रेषा दिसल्या, तर त्या हवा शिल्लक असलेल्या श्वासनलिका असतात आणि विकार फुप्फुसातच आहे हे सांगतात. द्रव पुष्कळ असेल तर तो हृदय व श्वासनाल यांना विरुद्ध बाजूला ढकलतो. घनीभवनात सहसा ते जागेवर राहतात.

उदाहरण म्हणून ताप व खोकला असलेल्या प्रौढाचे उभ्याने घेतलेले चित्र घेऊ. उजव्या तळाशी छाया आहे, हृदयाची उजवी कड स्वच्छ आहे, मध्यपटलाची रेषा नाही. म्हणजे मधला खंड बहुधा वाचला आहे. खालचा खंड किंवा द्रव यांतून निवड करायची आहे. बाजूचा कोन अजून टोकदार आहे आणि छायेत काळ्या फांद्या आहेत, तेव्हा कौल खालच्या खंडाच्या घनीभवनाला जातो. बाजूच्या चित्रात कण्याचे मणके खाली जाताना अधिक काळे दिसायला हवेत, ते उलट पांढरे होत गेले तर या मताला बळ मिळते. आता चौथ्या दिवशीही ताप उतरला नाही आणि नव्या चित्रात कोन भरून कड बरगडीकडे चढली, पण वरच्या भागात काळ्या फांद्या तशाच आहेत, असे समजा. आता दोन्ही आहेत: न्यूमोनियाच्या शेजारी द्रव साचला आहे. तो पू आहे का हे चित्र सांगत नाही. सुईने नमुना काढावा लागतो.

वक्र कड नसली म्हणजे द्रव नाही, असे नाही. द्रव फुप्फुसाच्या तळाखालीच राहिला तर मध्यपटल उचलल्यासारखे दिसते आणि त्याचा उंचवटा बाहेरच्या बाजूला सरकतो. डावीकडे जठरातील हवेचा फुगा फुप्फुसाच्या कडेपासून 2 सेंटिमीटरहून अधिक दूर जातो. पोकळीत हवाही शिरली असेल तर कड वक्र न राहता पट्टीने आखल्यासारखी आडवी होते. अतिदक्षता विभागात झोपवून घेतलेल्या चित्रात द्रव पाठीमागे पसरतो आणि त्या बाजूवर पातळ पडदा धरल्यासारखे दिसते, ज्यातून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या ओळखता येतात. अशा रुग्णात खाटेजवळ केलेली सोनोग्राफी अधिक भरवशाची ठरते: साधा द्रव काळा दिसतो, तर घनीभूत फुप्फुस यकृतासारखे.